मर्ज सॉर्ट स्टेबल का असतो, आणि तुलनांची संख्या एका मर्यादेखाली का जात नाही

प्रश्न: मर्ज सॉर्ट स्टेबल असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण नेमकं कशामुळे ते कोणी सांगत नाही. शिवाय तुलना करून सॉर्ट करायचं तर `n log n` च्या खाली जाताच येत नाही म्हणतात. अजून कोणाला न सुचलेल्या पद्धतींबद्दलही इतक्या खात्रीने असं कसं म्हणता येतं? सोप्या भाषेत सांगाल का?

उत्तर:

मर्ज सॉर्ट आपोआप स्टेबल होतो असं धरून चालू नका. तो गुण कोडमधल्या एका चिन्हावर उभा आहे. ते चिन्ह आधी दाखवतो, मग आठ नोंदींवर सगळं हाताने चालवून बघू. त्याच आठ नोंदी तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही कामाला येतील.

```python
def merge(left, right, key):
    out = []
    i = j = 0
    while i < len(left) and j < len(right):
        if key(left[i]) <= key(right[j]):
            out.append(left[i])
            i += 1
        else:
            out.append(right[j])
            j += 1
    out.extend(left[i:])
    out.extend(right[j:])
    return out

def merge_sort(a, key):
    if len(a) <= 1:
        return a[:]
    mid = len(a) // 2
    return merge(merge_sort(a[:mid], key),
                 merge_sort(a[mid:], key), key)
```

चिन्ह म्हणजे `merge` मधलं `<=`. दोन्ही बाजूंच्या पहिल्या नोंदींची की, म्हणजे ज्यावरून सॉर्ट करायचं ती किंमत, सारखी निघाली तर डावीकडची आधी घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

स्टेबल म्हणजे काय ते एकदा नीट ठरवून घेऊ, कारण इथेच बरेच जण अडखळतात. ज्या नोंदींची की सारखी आहे त्यांचा आपसातला क्रम सॉर्टच्या आधी जसा होता तसाच नंतरही राहिला, तर सॉर्ट स्टेबल. नुसते आकडे सॉर्ट करत असाल तर या गोष्टीला काही अर्थच नाही. एक 5 आणि दुसरा 5 यांत फरक करता येत नाही, मग कोण आधी आला याने काय बिघडतं? प्रश्न उभा राहतो तो नोंदीत कीशिवाय आणखी काही माहिती असते तेव्हा. समजा, तक्रारींची यादी आधी वेळेनुसार लावलेली आहे आणि आता तीच तुम्ही प्राधान्यानुसार सॉर्ट केली. सॉर्ट स्टेबल असेल तर एकाच प्राधान्याच्या तक्रारी वेळेनुसारच राहतील. नसेल तर आधीचा सॉर्ट पाण्यात.

आता आठ नोंदी घेऊ. आकडा ही की, आणि अक्षर फक्त ओळखीसाठी. अक्षरं मूळ क्रमाने दिली आहेत, त्यामुळे शेवटी एकाच आकड्याची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने आली की सॉर्ट स्टेबल झाला हे नजरेनेच कळेल.

```
3क 1ख 3ग 2घ 1च 2छ 3ज 1झ
```

अर्धे-अर्धे करत खाली गेलो की एकेकट्या नोंदी उरतात. तिथून वर येताना खरं काम सुरू होतं. पहिल्या फेरीत चार जोड्या, प्रत्येकीला एक तुलना:

```
[1ख 3क] [2घ 3ग] [1च 2छ] [1झ 3ज]
```

दुसऱ्या फेरीतला पहिला मर्ज बघा. `1ख` आणि `2घ` यांत `1ख` आधी. मग `3क` आणि `2घ` यांत `2घ`. मग `3क` समोर `3ग`. की सारखी आहे, `<=` खरं ठरतं, म्हणून डावीकडचा `3क` जातो. डावी बाजू संपली, `3ग` शेवटी चिकटतो. तीन तुलना झाल्या. उजवीकडच्या दोन जोड्यांनाही तीनच लागतात आणि तिथे `1च` हा `1झ` च्या आधी जातो:

```
[1ख 2घ 3क 3ग] [1च 1झ 2छ 3ज]
```

शेवटच्या मर्जमध्ये `1ख` विरुद्ध `1च`, बरोबरी, डावा जातो. नंतर `2घ` समोर आधी `1च` आणि मग `1झ` येतात, दोन्ही वेळा उजवा जातो. `2घ` विरुद्ध `2छ`, पुन्हा बरोबरी, डावा. `3क` विरुद्ध `2छ`, उजवा. मग `3क` आणि `3ग` हे दोघे एकामागून एक `3ज` शी बरोबरी करून आधी निघून जातात. सात तुलना.

```
1ख 1च 1झ 2घ 2छ 3क 3ग 3ज
```

एकूण तुलना 4 + 6 + 7 म्हणजे 17. हा आकडा लक्षात ठेवा.

एका उदाहरणात जमलं म्हणून नेहमीच जमेल असं नाही, तेव्हा कारण बघू. कोणत्याही दोन नोंदी घ्या. सुरुवातीला त्या एकाच ॲरेत असतात आणि शेवटी एकेकट्या होतात, म्हणजे मध्ये कुठेतरी त्या वेगवेगळ्या अर्ध्यांत जातात, आणि हे एकदाच घडतं. वर येताना त्या दोघींचा आपसातला क्रम ठरतो तो फक्त त्या एका मर्जमध्ये. त्यानंतर दोघी एकाच बाजूला असतात आणि `merge` एका बाजूच्या नोंदींना कधीच एकमेकींच्या पुढे-मागे करत नाही.

तर तो एकच मर्ज तपासायचा. सारख्या कीच्या दोन नोंदी, `x` डाव्या अर्ध्यात आणि `y` उजव्या अर्ध्यात. ॲरेचे तुकडे सलग केलेले असल्यामुळे `x` मूळ यादीतही आधीच होती. आता समजा, `x` अजून डावीकडे वाट बघत असताना `y` ची निवड झाली. त्या क्षणी डाव्या बाजूच्या तोंडाशी जी नोंद असेल तिची की `x` एवढी किंवा तिच्याहून लहान असणार, कारण डावी बाजू सॉर्ट झालेली आहे. म्हणजेच ती `y` एवढी किंवा लहान. पण अशा वेळी `<=` डावीकडचीच नोंद उचलतो. `y` निवडली जाणं शक्यच नाही. `x` आणि `y` यांची थेट तुलना झालीच पाहिजे असंही नाही. वरच्या उदाहरणात `1ख` आणि `1झ` कधीच समोरासमोर आले नाहीत, तरी क्रम टिकला.

आता `<=` काढून `<` लिहा आणि त्याच आठ नोंदी पुन्हा चालवा. आकडे अचूक लागतील, पण निकाल असा येईल:

```
1झ 1च 1ख 2छ 2घ 3ज 3ग 3क
```

सारख्या कीच्या नोंदी पुऱ्या उलट्या झाल्या. हा योगायोग नव्हे. वरचाच युक्तिवाद आता उजव्या बाजूला लागू होतो: प्रत्येक जोडीच्या त्या एकमेव भेटीत उजवी नोंद आधी जाते, म्हणून प्रत्येक जोडी उलटते. निदान करताना याचा फार उपयोग होतो. सारख्या नोंदी व्यवस्थित उलट्या दिसल्या तर मर्जमधली बरोबरीची अट तपासा. त्या कशाही विस्कटलेल्या दिसल्या तर बहुधा क्विकसॉर्ट किंवा हीपसॉर्टसारखी पद्धत वापरली जात आहे, जी लांबवरच्या नोंदींची अदलाबदल करते आणि मधल्या सारख्या नोंदींची पर्वा करत नाही.

ही चूक चाचण्यांत सापडत नाही, कारण चाचण्या सहसा वेगवेगळे आकडे घेऊन लिहिलेल्या असतात. स्टेबलपणा तपासायचा असेल तर उलटं करावं लागतं. की मुद्दाम तीन-चारच ठेवायच्या, नोंदी भरपूर घ्यायच्या आणि प्रत्येक नोंदीला तिचा मूळ क्रमांक चिकटवून द्यायचा. सॉर्टनंतर शेजारच्या दोन नोंदींची की सारखी असेल तर मूळ क्रमांक चढताच हवा. नोंदी भरपूर का, याचं एक चांगलं उदाहरण जावास्क्रिप्टमध्ये आहे. क्रोमच्या व्ही8 इंजिनात पूर्वी 10 पर्यंतच्या ॲरेला इन्सर्शन सॉर्ट आणि त्याहून मोठ्याला क्विकसॉर्ट लावला जायचा. इन्सर्शन सॉर्ट स्टेबल असतो. त्यामुळे पाच-सहा नोंदींवर लिहिलेली चाचणी सुखाने पास व्हायची आणि खऱ्या डेटावर क्रम बिघडायचा. 2018 मध्ये व्ही8 ने टिमसॉर्ट हा स्टेबल सॉर्ट घेतला आणि 2019 च्या मानकापासून `Array.prototype.sort` स्टेबलच असला पाहिजे असा नियम झाला.

आणखी एक खड्डा उतरत्या क्रमाचा. चढता सॉर्ट करून यादी सरळ उलटी केली की आकडे बरोबर लागतात, पण सारख्या नोंदीही उलटतात. पायथनमधला `reverse=True` हे सांभाळतो, हाताने केलेला `reverse()` सांभाळत नाही. टिमसॉर्ट लिहितानाही हाच मुद्दा आला आहे. 2002 मध्ये टिम पीटर्स यांनी पायथनसाठी तो लिहिला. डेटामध्ये आधीच लागलेले तुकडे शोधून तो त्यांचे मर्ज करतो. उतरता तुकडा सापडला तर तो जागेवर उलटवतो, पण तुकडा काटेकोर उतरता असेल तरच. मध्ये एकही बरोबरी आली की तुकडा तिथेच तोडतो, नाहीतर उलटवताना स्टेबलपणा गेला असता.

स्टेबलपणासाठी मर्ज सॉर्टला एकही जास्तीची तुलना करावी लागत नाही, हेही बघून ठेवा. तुलना बरोबरीची निघाली म्हणजे कीकडून क्रमाबद्दल काहीच कळलं नाही. ती उणीव मर्ज सॉर्ट जागेवरून भरून काढतो: डाव्या हातातलं ते आधीचं. किंमत मोजावी लागते ती मेमरीत, कारण `out` साठी वेगळी जागा लागते. जागेवरच मर्ज करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या किचकट आहेत आणि रोजच्या कामात मी त्यांच्या वाटेला जात नाही.

आता दुसरा प्रश्न. इथून पुढे सगळ्या की वेगवेगळ्या आहेत असं समजू, हिशोब सोपा होतो.

न सुचलेल्या पद्धतींबद्दल बोलता येतं, कारण या युक्तिवादात पद्धतीकडे बघायचंच नाही. बघायचं ते एवढंच, की तिला कळलेलं आहे काय. तुलनेवर चालणाऱ्या कोणत्याही सॉर्टला डेटाबद्दल जे काही कळतं ते ‘ही नोंद त्या नोंदीपेक्षा लहान आहे का?’ या प्रश्नाच्या हो किंवा नाही या उत्तरातूनच. ही अट पक्की धरा, बाकी सगळं मोजणीवर सुटतं.

तीन नोंदी घ्या, `a`, `b`, `c`. त्या मूळ यादीत सहा वेगवेगळ्या क्रमांनी आलेल्या असू शकतात. दोन प्रश्न विचारले तर उत्तरांच्या जोड्या किती? हो-हो, हो-नाही, नाही-हो, नाही-नाही. चारच. सहा शक्यता आणि चार उत्तरमाला, म्हणजे किमान दोन वेगळ्या क्रमांना एकच उत्तरमाला मिळणार. पद्धतीच्या दृष्टीने ते दोन डेटा हुबेहूब सारखे झाले, कारण तिला दोन्हीकडे तीच उत्तरं ऐकू आली. त्यामुळे ती दोन्हीकडे त्याच अदलाबदली करील. पण त्या दोन डेटांना वेगवेगळ्या अदलाबदली हव्या आहेत. कुठेतरी एकीकडे निकाल चुकणारच. म्हणून तिसरा प्रश्न टळत नाही. पद्धत कितीही हुशार असली तरी हे बदलत नाही, कारण आपण तिच्या हुशारीबद्दल काही गृहीत धरलेलंच नाही.

हेच दुसऱ्या बाजूने बघता येतं, आणि मला ते जास्त पटतं. समजा, डेटा आधी ठरलेलाच नाही. समोर एक खट माणूस बसला आहे, तो तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि अजून शक्य असलेल्या क्रमांची यादी स्वतःकडे ठेवतो. तुम्ही तुलना विचारली की तो बघतो: ‘हो’ म्हटलं तर किती क्रम उरतील, ‘नाही’ म्हटलं तर किती. जिथे जास्त उरतात ते उत्तर तो देतो. त्याने खोटं काहीच सांगितलेलं नाही, उरलेला प्रत्येक क्रम त्याच्या आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांशी जुळतो. पण एका प्रश्नात यादी निम्म्याहून कमी कधीच होत नाही. सुरुवातीला `n!` क्रम, आणि तुम्हाला थांबायचं ते एकच उरल्यावर. म्हणजे `n!` ला निम्मं निम्मं करत 1 वर यायला जितक्या पायऱ्या लागतील तितके प्रश्न किमान लागणार. त्या पायऱ्या म्हणजेच `log2(n!)`, पूर्णांकात वर नेलेला.

आठ नोंदींसाठी `8!` म्हणजे 40,320. 15 प्रश्नांत जास्तीत जास्त 32,768 उत्तरमाला होतात, त्या पुरत नाहीत. 16 प्रश्नांत 65,536, म्हणजे पुरतात. तर किमान 16. आपल्या मर्ज सॉर्टला वर 17 लागल्या होत्या, आणि आठ नोंदींसाठी त्याच्या वाईटात वाईट प्रसंगाचा आकडाही 17 च आहे.

एक प्रश्न वाया कुठे गेला? हे शोधण्यासारखं आहे. दोन सॉर्ट झालेल्या याद्या एकत्र करताना शक्यता किती असतात ते मोजा. एक आणि एक: 2 शक्यता. दोन आणि दोन: चार जागांपैकी डाव्या यादीच्या दोन जागा निवडायच्या, 6 शक्यता. चार आणि चार: आठांतून चार जागा, 70 शक्यता. आपण चार, दोन आणि एक असे मर्ज केले. आता गुणाकार करा:

```
2·2·2·2 × 6·6 × 70 = 40320
```

नेमका `8!`. मर्ज सॉर्टने सगळा गोंधळ सात स्वतंत्र कोड्यांत वाटून दिला, मध्ये काही सांडलं नाही. सांडलं ते प्रत्येक कोडं सोडवताना. 2 शक्यतांना एक प्रश्न अगदी बरोबर बसतो. 6 शक्यतांना `log2(6)` म्हणजे साधारण 2.58 प्रश्न पुरायला हवेत, पण प्रश्न अर्धामुर्धा विचारता येत नाही, म्हणून 3. 70 ला साधारण 6.13, म्हणून 7. `log2(40320)` साधारण 15.3 आणि आपला खर्च 17. मधले 1.7 हे या वर नेण्यातच गेले.

6 शक्यतांच्या मर्जमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. डावीकडे `a1 < a2`, उजवीकडे `b1 < b2`. पहिला प्रश्न `a1` की `b1`: तीन-तीन शक्यता, उत्तम प्रश्न. समजा, `a1` लहान निघाला. आता उरलेल्या तीन शक्यतांत `a2` की `b1` असं विचारलं, तर ‘`a2` लहान’ असं असेल अशी एकच आणि ‘`b1` लहान’ असं असेल अशा दोन शक्यता. खट माणूस अर्थातच दोन शक्यतांचं उत्तर देतो आणि तुम्हाला तिसरा प्रश्न विचारायला लावतो. प्रश्न समसमान वाटणी करत नसेल तर तो आपली पूर्ण किंमत वसूल करत नाही. सगळी गळती या एकाच कारणाने होते.

मग आठ नोंदी 16 तुलनांत लावता येतात का? येतात. 1959 मध्ये फोर्ड आणि जॉन्सन यांनी दिलेल्या पद्धतीत प्रश्न अशा क्रमाने विचारले जातात की वाटणी शक्य तितकी समसमान राहते, आणि तिला आठांसाठी 16 च लागतात. पण मोजणीने दिलेला आकडा प्रत्येक वेळी गाठता येतोच असं मात्र समजू नका. 12 नोंदींसाठी मोजणी 29 म्हणते, तरी 29 तुलनांत ते होत नाही, 30 लागतात. हे 1965 मध्ये संगणकावर सगळ्या वाटा धुंडाळून दाखवलं गेलं. मोजणी सांगते ती ‘याच्या खाली नाही’ एवढंच. ‘इथपर्यंत येईलच’ असं वचन ती देत नाही.

`n log n` आलं कुठून, तेही एका ओळीत होतं. `n!` हा `n` संख्यांचा गुणाकार. त्यातल्या मोठ्या निम्म्या संख्या प्रत्येकी किमान `n/2` आहेत, म्हणून

```
n! ≥ (n/2)^(n/2)
log2(n!) ≥ (n/2) · (log2 n − 1)
```

हा अंदाज ढोबळ आहे, पण वाढीचा दर `n log n` च आहे हे दाखवायला पुरतो. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कितीतरी जवळ असतात. 10 लाख नोंदींसाठी `log2(n!)` साधारण 1 कोटी 84 लाख 89 हजार येतो. मर्ज सॉर्टच्या वाईटात वाईट प्रसंगात 1,89,51,425 तुलना होतात. फरक अडीच टक्क्यांचा. म्हणून ‘माझी सॉर्टची पद्धत तुलना निम्म्या करते’ असं कोणी सांगितलं, तर कोड न बघताही विचारायचं: कोणत्या डेटावर?

हा प्रश्न खवचट नाही, कारण तिथे खरोखरच वाव आहे. लोअर बाउंड, म्हणजे ही किमान तुलनांची मर्यादा, बोलतो तो वाईटात वाईट प्रसंगाबद्दल. सगळे क्रम सारखेच संभवनीय असतील तर सरासरीलाही तो लागू होतो. एखाद्या विशिष्ट डेटाला तो लागू होत नाही. यादी आधीच लागलेली असेल तर `n − 1` तुलनांत ते कळतं, आणि टिमसॉर्ट नेमका तोच फायदा उचलतो. खऱ्या जगातला डेटा पुष्कळदा अर्धवट लागलेला असतो, म्हणून टिमसॉर्ट पायथनबाहेरही पसरला. जावाने 7 व्या आवृत्तीपासून ऑब्जेक्टच्या ॲरेसाठी तोच घेतला. तिथे साध्या `int` च्या ॲरेसाठी मात्र क्विकसॉर्टचा एक प्रकार ठेवला, आणि का ते तुम्हाला आता सांगायला नको: आकड्यांना स्टेबलपणाची गरजच नाही.

दुसरी पळवाट म्हणजे तुलनेची अटच मोडणं. की जर 0 ते 255 मधलाच पूर्णांक असेल तर कोणाची कोणाशी तुलना न करता प्रत्येक कीच्या नोंदी मोजायच्या, मोजणीवरून प्रत्येक कीची सुरुवातीची जागा काढायची आणि नोंदी थेट तिथे ठेवायच्या. याला काउंटिंग सॉर्ट म्हणतात. इथे एका झटक्यात 256 पैकी एक उत्तर मिळतं, हो-नाही नव्हे, म्हणून वरचा हिशोब त्याला लागूच होत नाही. मोठ्या आकड्यांसाठी हाच प्रकार शेवटच्या अंकापासून पहिल्या अंकापर्यंत एकेक अंक घेऊन करतात, तो रेडिक्स सॉर्ट. त्यातली प्रत्येक फेरी स्टेबल असलीच पाहिजे. नाहीतर दहम स्थानाची फेरी एकम स्थानाची मेहनत उधळून देईल आणि मग शेवटचे आकडेच चुकीचे लागतील. नुसत्या आकड्यांना स्टेबलपणाचा अर्थ नाही असं मी वर म्हटलं, ते शेवटच्या निकालाबद्दल. आतल्या फेऱ्यांत तो नसेल तर सॉर्टच बिघडतो.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. हा सगळा युक्तिवाद, स्टेबलपणाचाही आणि मर्यादेचाही, तुलना खरं बोलते यावर उभा आहे. `a` हा `b` पेक्षा लहान, `b` हा `c` पेक्षा लहान आणि `c` पुन्हा `a` पेक्षा लहान असं सांगणारा कंपॅरेटर दिलात, तर कोणताच क्रम त्याच्या उत्तरांशी जुळत नाही. असे किंवा यासारखे विसंगत कंपॅरेटर कोणी मुद्दाम लिहीत नाही. दशांश संख्या ‘जवळजवळ सारख्या’ असतील तर बरोबरी म्हणायची, अशा सद्हेतूतून ते तयार होतात: 1.0 आणि 1.4 सारखे, 1.4 आणि 1.8 सारखे, पण 1.0 आणि 1.8 वेगळे. जावातला टिमसॉर्ट काही वेळा हे पकडतो आणि `Comparison method violates its general contract!` असं म्हणून थांबतो. पण काही वेळाच, कारण विसंगती नेमकी मर्जच्या वाटेत आली तरच त्याला ती दिसते. वरचं `merge` तर काहीच बोलणार नाही, निमूटपणे चुकीची यादी देईल. असं दिसलं की सॉर्टच्या कोडमध्ये शोधत बसू नका. डेटामधल्या तीन-तीन नोंदी घेऊन कंपॅरेटरला तिन्ही प्रश्न विचारा आणि उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते पडताळा. काही शे नोंदींच्या नमुन्यावर हे सहज चालतं, आणि दोषी त्रिकूट सापडलं की ओळ कुठे चुकली आहे तेही त्यावरूनच कळतं.